पाच व्होल्टच्या बाजूला टेस्टर का पेटतो?

प्रश्न: मी गुरुकुंज मोझरीला राहतो. घरच्या अर्ध्या हॉर्सपॉवरच्या पंपासाठी पत्र्याची पेटी घेऊन स्वतःच बोर्ड बनवला. त्यात एमसीबी, कॉन्टॅक्टर, २३० व्होल्टवरून ५ व्होल्ट देणारा छोटा एसएमपीएस, रिलेचा बोर्ड आणि मोबाइलवरून पंप चालू-बंद करणारा वायफायचा बोर्ड आहे. गच्चीवरच्या टाकीत पाण्याची पातळी कळावी म्हणून स्टीलच्या तीन कांड्या सोडल्या आहेत. त्यांची वायर तीसेक मीटर खाली येऊन पेटीत जाते. सगळं चालतं. पण पेटीच्या दाराला टेस्टर लावला की मंद पेटतो, हात लावला की कधीकधी मुंग्या येतात. पाच व्होल्टच्या मायनसलाही टेस्टर पेटतो. पाच व्होल्टमध्ये टेस्टर काऊन पेटावं? अर्थिंग तर जोडलेलं आहे. पेटीत मध्ये पडदा घालायचा का? आणि पाच व्होल्टचं मायनस अर्थिंगला जोडायचं की नाही? फोटो पाठवत आहे.

उत्तर: तुमच्या फोटोंमुळे अर्धं काम सोपं झालं. आधी कुतूहलाचा भाग सांगतो आणि मग काळजीचा, कारण तुमच्या पेटीत हे दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत.

टेस्टर पेटायला वीज फार थोडी लागते. त्यातला निऑनचा दिवा काही मायक्रोअँपिअरवरही मंद उजळतो. तुमच्या एसएमपीएसमध्ये मेनची बाजू आणि पाच व्होल्टची बाजू यांच्यामध्ये बहुधा एक चपटा निळा कपॅसिटर आहे. त्याला वाय-कपॅसिटर म्हणतात. रेडिओत खरखर येऊ नये म्हणून तो मुद्दाम बसवलेला असतो आणि त्यातून अगदी थोडी एसी वीज पाच व्होल्टच्या बाजूला सतत झिरपते. कपॅसिटर २.२ नॅनोफॅरडचा धरला, तर ५० हर्ट्झ आणि २३० व्होल्टला ही वीज ०.१६ मिलिअँपिअर भरते. पाच व्होल्टची बाजू कशालाच जोडलेली नसेल तर तिच्यावर जमिनीच्या तुलनेत शंभरच्या आसपास व्होल्ट तरंगत राहतात. टेस्टर त्याच्यावर पेटतो आणि मनगटाच्या आतल्या मऊ कातडीला मुंग्या येतात त्याही त्याच्यामुळेच. हा बिघाड नव्हे.

पण दारावर हा प्रकार कसा पोहोचला? फोटोत दिसतं की वायफायचा बोर्ड तुम्ही पितळी खुंट्यांवर थेट दाराला कसला आहे. या बोर्डाच्या स्क्रूच्या छिद्राभोवती मायनसचं तांबं आहे. म्हणजे दार हे नकळत पाच व्होल्टचं मायनस झालं आहे. तरीही दार अर्थिंगला जोडलेलं असतं, तर हे झिरपणं गुपचूप जमिनीत गेलं असतं आणि टेस्टर पेटला नसता. टेस्टर पेटतो याचा अर्थ तुमचं दार अर्थिंगला जोडलेलं नाही.

तुम्ही लिहिता की अर्थिंग जोडलं आहे. ते पेटीच्या पाठीला जोडलं आहे आणि तिथेही रंगावरूनच स्क्रू पिळलेला दिसतो. पावडर कोटिंगचा रंग हा उत्तम इन्सुलेशन असतो. दाराच्या बिजागऱ्याही रंगवलेल्या असतात आणि त्यांच्यात ग्रीस किंवा गंज असतो. त्यामुळे पाठीवरचं अर्थिंग दारापर्यंत पोहोचेलच असं नाही. कधी पोहोचतं, कधी नाही. दार थोडं हललं की मुंग्या थांबतात आणि पुन्हा सुरू होतात, ते यामुळे.

हे तपासणं सोपं आहे. मेन बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा. मल्टिमीटर २०० ओहमवर लावून आधी त्याच्या दोन काड्या एकमेकींना टेकवा. काड्यांच्या वायरींचा स्वतःचा आकडा दिसेल, समजा ०.३. आता एक काडी अर्थिंगच्या पट्टीला लावा आणि दुसरी दाराच्या उघड्या धातूला, म्हणजे एखाद्या स्क्रूच्या डोक्याला किंवा खरवडलेल्या जागी. आकडा तेवढाच राहिला पाहिजे, दार उघडता-मिटतानाही. तो उड्या मारत असेल किंवा दिसतच नसेल, तर दार सुटं आहे.

दुरुस्ती अशी. पेटीच्या पाठीवर आणि दारावर प्रत्येकी एका जागी रंग खरवडून चकचकीत पत्रा उघडा करा. तिथे पितळी बोल्ट, दातेरी वायसर आणि नट लावा. वायर उघडी गुंडाळू नका, तिच्या टोकाला गोल लग दाबून बसवा. मग पाठीपासून दारापर्यंत हिरव्या-पिवळ्या रंगाची, बारीक तारांची लवचीक वायर टाका. तुमची मेनची वायर अडीच चौरस मिलिमीटरची आहे, अर्थिंगचीही तेवढीच ठेवा. दार पूर्ण उघडल्यावर ती ताणली जाऊ नये आणि मिटल्यावर कडेत चेपू नये, इतकी सैल हवी. बाहेरून येणारं अर्थिंग, मोटरच्या अंगाचं अर्थिंग आणि दाराचं अर्थिंग, सगळी एका तांब्या-पितळेच्या पट्टीवर आणून प्रत्येकाला वेगळा स्क्रू द्या. एका स्क्रूखाली तीन वायरी कोंबल्या, की एक काढताना उरलेल्या दोन सुटतात.

आता दुसरी गोष्ट. फोटोत मला एमसीबी दिसला, आरसीसीबी दिसला नाही. पेटीतल्या पडद्यापेक्षाही हे मला जास्त खटकलं.

समजा, कॉन्टॅक्टरची एक फेज वायर सुटून पेटीच्या पत्र्याला टेकली. दार, पाठ, सगळं नीट अर्थिंगला आहे. आपल्याला वाटतं की आता मोठी वीज वाहेल आणि एमसीबी पडेल. हिशेब करून पाहू. घराच्या खड्ड्याचं अर्थिंग २० ओहमचं आणि ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलचं ५ ओहमचं धरा. वीज तुमच्या खड्ड्यातून मातीत जाते आणि ट्रान्सफॉर्मरच्या खड्ड्यातून परतते, म्हणजे वाटेत २५ ओहम. २३० भागिले २५, ९.२ अँपिअर. तुमचा एमसीबी १६ अँपिअरचा आहे. तो दिवसभर नऊ अँपिअर निवांत सोसतो. आणि पेटीच्या पत्र्यावर किती व्होल्ट? ९.२ गुणिले २०, म्हणजे १८४. अर्थिंग जोडलेलं आहे, एमसीबी चालू आहे आणि पेटी जीवघेणी आहे.

खेड्यात हे नेहमी घडू शकतं, कारण आपल्याकडे बहुतेक घरांचं अर्थिंग स्वतःच्या खड्ड्यापुरतं असतं. काळ्या मातीत तर त्याची हालत मोसमाप्रमाणे बदलते. ओली काळी माती वीज चांगली वाहून नेते. पण चैत्र-वैशाखात तीच माती सुकून आकसते, भेगा पडतात आणि पाइपाच्या वरच्या भागाभोवती पोकळी तयार होते. पावसाळ्यात तीन-चार ओहम दाखवणारा खड्डा उन्हाळ्यात वीसवर जाऊ शकतो. म्हणून खड्डा मोजायचा तर मे महिन्यात मोजा, आणि पाइप भेगांच्या खाली, ओल टिकणाऱ्या थरापर्यंत गेला पाहिजे.

वायरमन मंडळींची एक जुनी सवय इथे घात करते. फेज आणि अर्थिंग यांच्यात शंभर वॅटचा बल्ब लावायचा, तो भगभगीत पेटला की अर्थिंग पक्कं. गरम असताना अशा बल्बचा स्वतःचा रोध सुमारे ५२९ ओहम असतो. वाटेत २५ ओहम जास्तीचे आले तरी बल्बला सुमारे २२० व्होल्ट मिळतात आणि डोळ्याला काही फरक दिसत नाही. बल्बच्या उजेडावरून अर्थिंग चांगलं आहे हे कधीच ठरत नाही. शिवाय अर्थिंग कच्चं असेल तर त्या चाचणीपुरते घरातले सगळे जोडलेले पत्रे जिवंत होतात. खड्डा मोजायचा तो अर्थ टेस्टरनेच.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हे चित्र पालटतो. तो फेजमधून गेलेली आणि न्यूट्रलमधून परतलेली वीज यांची तुलना करतो. फरक ३० मिलिअँपिअरवर जायच्या आत तो पडतो. पत्र्यावर ५० व्होल्टपेक्षा जास्त टिकू द्यायचे नाहीत, असा नियम धरला तर ५० भागिले ०.०३, म्हणजे १,६६७ ओहमपर्यंतच्या अर्थिंगवरही तो आपलं काम करतो. वीस ओहमचा खड्डा त्याच्यापुढे काहीच नाही. अर्थात याचा अर्थ खड्ड्याकडे दुर्लक्ष करा असा नव्हे. अर्थिंगची वायरच तुटली, तर पत्र्याला कुणी हात लावेपर्यंत आरसीसीबीला काही कळत नाही. आणि फेज-न्यूट्रल दोन्ही हातांत धरली, तर तो वाचवू शकत नाही. त्याच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा, पण लक्षात ठेवा की ते बटण फक्त त्याची स्वतःची यंत्रणा तपासतं, तुमचं अर्थिंग नाही.

एक मात्र कटाक्षाने पाळा: पेटीत न्यूट्रल आणि अर्थिंग कधी एकत्र करू नका. आरसीसीबी पडत राहतो म्हणून काही जण तसं करतात. न्यूट्रल वाटेत तुटला की त्या जोडातून संपूर्ण पेटी फेजवर येते. न्यूट्रल गेल्यावर अर्थिंगवर दिवा लावायची जी पद्धत खेड्यात आहे, तिच्यात हाच धोका शेजाऱ्यापर्यंत जातो.

आता पडद्याविषयी.

अर्थिंग मेनच्या वायरीला पत्र्यापासून रोखत नाही. ती टेकलीच तर परिणाम आवरतं, इतकंच. पाच व्होल्टची बाजू तर अर्थिंगच्या कक्षेत येतच नाही. समजा, तीच सुटलेली फेज वायर पत्र्याला न टेकता रिले बोर्डाच्या पाच व्होल्टच्या पायांना टेकली. पाच व्होल्टची बाजू तरंगती आहे, म्हणून काही पडत नाही, काही जळतही नाही. पण ही बाजू पुढे कुठे जाते? तीस मीटर वर, टाकीतल्या स्टीलच्या कांड्यांत. टाकीतलं पाणी फेजवर येतं आणि नळातून खाली उतरतं. मोझरीच्या पुण्यतिथी महोत्सवात तुमच्याकडे पाहुणे उतरत असतील, तर ते त्या पाण्याने आंघोळ करतील. ओल्या अंगाचा माणूस ओल्या फरशीवर उभा असताना थोडीशी वीजही पुरते.

म्हणून पाच व्होल्टच्या बाजूचं वेगळेपण ही तुमच्या पेटीतली सर्वांत मोठी जबाबदारी आहे. ते तीन ठिकाणी तुटतं.

पहिलं ठिकाण म्हणजे वायरी. तुमच्या फोटोत टाकीची बारीक वायर आणि पंपाची वायर एकाच टायने बांधली आहे. पंपाची वायर ११०० व्होल्टच्या दर्जाची आहे. सेन्सरच्या वायरीचं इन्सुलेशन तसं नसतं. पेटीत उन्हाळ्यात ५० अंशांच्या वर जाणाऱ्या उष्णतेत आणि कॉन्टॅक्टरच्या धक्क्यांत ती घासून उघडी पडू शकते. दोन्हींसाठी पेटीला वेगळी छिद्रं पाडा, वेगळे ग्लँड लावा. एकमेकींना ओलांडायचंच असेल, तर काटकोनात ओलांडू द्या आणि बारीक वायरीवर पीव्हीसीची जाड स्लीव्ह चढवा.

दुसरं ठिकाण सुटणारं टोक. प्रत्येक मेन टर्मिनलकडे बघून एकच प्रश्न विचारा: हा स्क्रू ढिला होऊन ही वायर निसटली, तर तिचं टोक कुठपर्यंत पोहोचेल? पाच व्होल्टच्या कोणत्याही भागापर्यंत पोहोचत असेल, तर ती जोड धोक्याची. उपाय दोन. टर्मिनलपासून दोन बोटांवर वायर टायने पट्टीला आवळा, म्हणजे निसटली तरी जागच्या जागी राहील. आणि मधे पडदा घाला. पडदा बेकलाइटचा किंवा पॉलिकार्बोनेटचा चालेल. पत्र्याचा केलात तर तो अर्थिंगच्या पट्टीला जोडा, म्हणजे सुटलेलं टोक पडद्याला टेकताच आरसीसीबी पडेल. पडद्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट बसवा, नाहीतर पत्र्याची धार पडद्याच्याच कामावर पाणी फिरवेल.

तिसरं ठिकाण लोकांच्या लक्षात येत नाही, ते रिलेचा बोर्ड. बाजारात मिळणाऱ्या निळ्या रिलेत कॉइल आणि कॉन्टॅक्ट यांच्यामध्ये १५०० व्होल्टची चाचणी केलेलं इन्सुलेशन असतं. दुहेरी सुरक्षेला ते पुरेसं नाही. बोर्ड उलटा करून पाहा: मेनच्या तांब्यापासून कॉइलच्या तांब्यापर्यंत किती अंतर आहे? किमान सहा मिलिमीटर, जमल्यास आठ हवं. बऱ्याच स्वस्त बोर्डांवर ते तीनच असतं, तेही बोर्डाला चीर न पाडता. कापूस वेचणीच्या दिवसांत उडणारा तंतू आणि पावसाळ्यातली दमट हवा त्या तीन मिलिमीटरवर बसली की काय होतं, ते सांगायला नको. त्या बोर्डावर ऑप्टोकपलर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. तो कॉइलच्या आणि वायफाय बोर्डाच्या मधला आहे, मेनच्या मधला नव्हे. शिवाय जेडी-व्हीसीसीचा जंपर जागेवर असेल, तर दोन्ही बाजूंना एकच पाच व्होल्ट मिळतात आणि ऑप्टोकपलरचा वेगळेपणा उरतच नाही. रिले पट्टीवर चढवायचा, कॉइल आणि कॉन्टॅक्टमध्ये किमान ४ किलोव्होल्टचं इन्सुलेशन छापलेला घ्या. तो थोडा महाग पडतो, पण ही जागा पैसे वाचवायची नव्हे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न: पाच व्होल्टचं मायनस अर्थिंगला जोडायचं का? पुस्तकात दोन्ही वाटा मान्य आहेत. मेनपासून दुहेरी इन्सुलेशनने तोडलेली बाजू तरंगती ठेवणं ही एक आणि ती अर्थिंगला जोडणं ही दुसरी. पहिली वाट तेव्हाच खरी, जेव्हा पडदा, रिले आणि एसएमपीएस यांतलं एकही दुबळं नसेल. तुमच्या पेटीत रिले दुबळा आहे आणि वायर टाकीच्या पाण्यात जाते. तुम्हाला माझा स्पष्ट सल्ला: मायनस अर्थिंगच्या पट्टीला जोडा, एकाच जागी, एकाच वायरीने. मग फेज पाच व्होल्टच्या कोणत्याही भागाला टेकली, की वीज थेट अर्थिंगला जाईल आणि आरसीसीबी क्षणात पडेल. वाय-कपॅसिटरचे ०.१६ मिलिअँपिअरही तिकडेच वळतील आणि टेस्टर विझेल. हे आरसीसीबीला कळणारही नाही, इतके ते कमी आहेत.

यात दोन अटी आहेत. पहिली, बोर्ड दारावरून काढून नायलॉनच्या खुंट्यांवर बसवा, म्हणजे मायनसला दारावरून दुसरी वाट मिळणार नाही. दुसरी, पाच व्होल्टच्या कामाची वीज अर्थिंगच्या वायरीतून वाहता कामा नये. टाकीच्या कांड्यांची परतीची वायर एसएमपीएसच्या मायनसवरच आणा, पत्र्यावरून नव्हे. आणि आरसीसीबी बसवल्याशिवाय हे जोडू नका, कारण तोवर अर्थिंगवर आलेले १८४ व्होल्ट या जोडाने टाकीत पोहोचतील.

हे सगळं झाल्यावर एकदा ५०० व्होल्टच्या मेगरने तपासून घ्या. मेन बंद, फेज-न्यूट्रल एकत्र बांधलेले, पाच व्होल्टचे प्लस-मायनस एकत्र बांधलेले, मायनस-अर्थिंगचा दुवा तेवढ्यापुरता उघडा. दोन्हींच्या मध्ये किमान एक मेगाओहम यावा. तसंच मेन आणि पेटीचा पत्रा यांच्यातही. मेगर नसेल तर परवानाधारक वायरमनकडे असतो. मीटरकडून येणारी लाइन, आरसीसीबी आणि खड्डा त्यांच्याच हातून करून घ्या.

ही पेटी मी पहिल्यापासून बांधणार असतो, तर एकात दोन भाग केलेच नसते. मेन, आरसीसीबी, कॉन्टॅक्टर आणि पट्टीवरचा रिले पत्र्याच्या पेटीत, आणि वायफायचा बोर्ड व टाकीची जोडणी बाजूच्या प्लास्टिकच्या पेटीत. दोघींमध्ये स्लीव्ह घातलेल्या दोन-तीन वायरी, बाकी काही नाही. पडदा विसरता येतो, भिंत विसरता येत नाही. तुमच्याकडे पेटी आधीच आहे, तर आज रात्री फक्त एवढं करा: टाकीतल्या कांड्यांची वायर बोर्डावरून काढून ठेवा. आरसीसीबी आणि दाराचं अर्थिंग होईपर्यंत पंप हातानेच चालू-बंद करा.

दुरुस्तीनंतरही दाराला टेस्टर पेटला, तर त्याचा अर्थ तुमच्या खड्ड्यावरच कुठूनतरी व्होल्ट येत आहेत. त्या वेळी पेटीला हात लावू नका. मेन बंद ठेवा आणि महावितरणच्या कार्यालयात तक्रार द्या.